टोचलेला कान भरून आला, पण पाळीमागची गाठ वाढतच चाललीय

सुरंगी
नमस्कार मंडळी, लेकीबद्दल विचारायचंय. वय 19. आम्ही वेंगुर्ल्याचे. बारशाला सोनाराने टोचलेले तिचे दोन्ही कान व्यवस्थित आहेत, कधी काही त्रास नाही. मागच्या गणपतीच्या आधी मैत्रिणींबरोबर जाऊन तिने डाव्या पाळीवर जुन्या भोकाच्या थोडं वर दुसरं भोक पाडून घेतलं. पहिले काही दिवस जरा लाल होतं, मग छान भरलं, पू नाही पाणी नाही, दिवाळीत रिंगा घालून फिरत होती. संक्रांतीच्या सुमारास पाळीच्या मागच्या बाजूला बोटाला काहीतरी बारीक कडक लागायला लागलं. आता मे चालू आहे आणि ते जवळपास दीड सेंटिमीटर झालंय, गुळगुळीत, चकचकीत, गुलाबीसर तपकिरी, दाबलं तरी दबत नाही. पुढूनही भोकाभोवती थोडा उंचवटा आहे. दुखत नाही, पण खाज खूप, रात्री जास्तच. फॅमिली डॉक्टर म्हणाले व्रण आहे, बसेल हळूहळू. शेजारच्या आजी म्हणतात चुना लाव, गळून पडेल. पण भोक केवढंसं आणि हे पसरलंय केवढं! साधा व्रण असा वाढतो का? आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत सरळ कापून टाकलं तर चालेल ना?

खाडीकाठचा
ताई हे निकेलमुळे होतं. पार्लरमध्ये जे टॉप्स घालतात ते खोट्या धातूचे असतात, त्याची ॲलर्जी. सोन्याचं घातलं असतं तर झालंच नसतं, बघा ना बारशाचे कान सोन्याच्या तारेने टोचलेत म्हणून ठीक आहेत. आता टॉप काढून ठेवा, कोकमतेल कोमट करून रोज चोळा, भेगांना चालतं तसं यालाही चालतं. आणि नाहीच बसलं तर सर्जनकडे दहा मिनिटांचं काम आहे, भूल देऊन कापतात, घरी पाठवतात.

चिपळूणची_मीरा
माझाही कान असाच पिकला होता!! बुगडीसाठी वर टोचलं होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अख्खा कान लाल, गरम, हात लावू देत नव्हता, ताप पण आला. मिठाच्या पाण्याने शेकत बसले पण शेवटी ॲडमिट व्हावं लागलं. तुम्ही अँटिबायोटिक लगेच चालू करा, थांबू नका.

सुरंगी
मीरा, तिला पू, ताप, गरमपणा काहीच नाही गं. टोचून आठ महिने होत आले. जखम केव्हाच भरलीय.

आबोली
सुरंगीताई, मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, कुडाळ-सावंतवाडी भागात काम करते. फोटोवरून किंवा वर्णनावरून निदान करत नाही, त्यामुळे कान प्रत्यक्ष दाखवावा लागेल. पण तुम्ही जो क्रम सांगितलात तो फार बोलका आहे. आधी भरलं, मग काही महिने सगळं शांत, मग कडक गाठ, खाज, आणि ती भोकाची हद्द सोडून बाहेर चाललीय. हे कीलॉइडचं वागणं आहे.

मीराताईंचं वेगळं होतं. त्यांचं टोचणं कुर्च्यात होतं आणि तिथे जंतुसंसर्ग झाला. तो पहिल्या काही दिवसांत येतो, दुखतो, गरम लागतो, आणि तिथे खरंच वेळ घालवायचा नसतो कारण कुर्चा गळला की कानाचा आकार कायमचा बिघडतो. कीलॉइडमध्ये पू नसतो. अँटिबायोटिकने ते इंचभरही मागे हटत नाही.

आता साधा व्रण का वाढत नाही ते सांगते. जखम झाली की शरीर तिथे कोलॅजन घालून खिंडार बुजवतं. गडगा पडला तर आपण माणसं लावून चिरे रचून घेतो, गडगा उभा राहिला की माणसं घरी जातात. कीलॉइडमध्ये गडगा उभा राहिला तरी माणसं घरी जात नाहीत, चिरे रचतच राहतात आणि रचता रचता शेजाऱ्याच्या परड्यात जातात, जिथे काही पडलेलंच नव्हतं. लेकीच्या पाळीची मागची जी कातडी आज वर आलीय, तिथे सुई लागलीच नव्हती. भोक होतं एक-दीड मिलिमीटरचं, आणि गाठ दीड सेंटिमीटरची.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. घरात, सासर-माहेर दोन्हीकडे, कुणाला छातीवर, खांद्यावर, कानाला असं काही आहे का? आणि तिच्या दंडावरची बीसीजीची खूण कशी आहे, खोलगट की वर आलेली?

काकू_मालवण
गो बाय, माझ्या सिझरच्या टाक्यांचो वण असोच वर इल्लो. लाल, जाड, खाज तर इचारू नको. वर्स-दीड वर्सात आपसूक बसलो. तुझ्या चेडवाचो पण बसतलो, भिया नको.

खाडीकाठचा
बघा, काकूंचा बसला. मग ह्याला कीलॉइड म्हणून घाबरवायचं कशाला? सगळे व्रण पहिलं वर्ष वरच असतात.

आबोली
काकू, एक सांगा, तुमचा वण जाड झाला तो टाक्यांच्या रेघेवरच राहिला की दोन्ही बाजूंच्या चांगल्या कातडीवर पसरला? आणि कधी जाड झाला, लगेच की खूप दिवसांनी?

काकू_मालवण
रेघेवरच हो. टाके काढल्यावर म्हयन्या-दीड म्हयन्यात.

आबोली
तेच. काकूंचा तो जाड व्रण, कीलॉइड नाही. दोन्ही वर येतात, दोन्ही लाल असतात, दोन्ही खाजतात, म्हणून लोकांची गल्लत होते आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांत आम्हालाही खात्रीने सांगता येत नाही. पण जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो, जखमेनंतर चार-आठ आठवड्यांत डोकं वर काढतो, काही महिने वाढतो आणि मग थकतो. वर्ष-दोन वर्षांत बराचसा बसतो. कीलॉइड उशिरा येतं, तीन महिन्यांनी, कधी वर्षानेसुद्धा, हद्द ओलांडतं आणि स्वतःहून बसत नाही. म्हणून खाडीकाठकर, "पहिलं वर्ष वाट बघा" हा सल्ला काकूंसाठी बरोबर होता, या मुलीसाठी नाही. लहान असताना ते जितकं ऐकतं तितकं मोठं झाल्यावर ऐकत नाही.

निकेलबद्दल. खोट्या धातूची ॲलर्जी असते हे खरं, पण ती कशी दिसते? भोकाभोवती ओलसर, खपल्या, पाणी सुटणं, आणि दागिना काढला की हळूहळू उतरते. तिथे सतत चिडचिड राहिली तर कीलॉइडची प्रवृत्ती असलेल्या माणसाला ते निमित्त होऊ शकतं, एवढं मान्य. पण सोन्याची तार घालून कीलॉइड झालेले कान मी बघते. बारशाचे कान ठीक राहिले त्यात सोन्यापेक्षा वयाचा वाटा जास्त असावा. हा त्रास मुख्यतः दहा ते तीस या वयातला, तान्ह्या मुलांत क्वचित. घरात कीलॉइड असेल तर अकरा वर्षांनंतर टोचलेल्या कानांत तो लहानपणी टोचलेल्यांपेक्षा जास्त दिसतो.

कोकमतेल लावा, कातडी मऊ राहील, खाजेला थोडं बरं वाटेल. गाठ आतून घट्ट आहे, तिथपर्यंत तेल पोचत नाही. चुना मात्र अजिबात नको. चुना, बिब्बा, केस नाहीतर दोरा करकचून बांधणं, डाग देणं, हे सगळं म्हणजे नवीन जखम. आणि या मुलीची कातडी जखमेला काय उत्तर देते ते आपण बघतोच आहोत.

सुरंगी
विचारलंत म्हणून आठवलं. माझ्या नणंदेला छातीवर मधोमध आहे, कॉलेजात असताना पुळी आली होती तिथे, आता आडवं पसरलंय, ती नेहमी बंद गळ्याचेच ब्लाऊज घालते. आम्ही ते कधी कानाशी जोडलंच नाही. लेकीची बीसीजीची खूण जराशी वर आहे पण जेवढी होती तेवढीच आहे.

आबोली
आत्येला आहे म्हणजे चित्र जुळतंय. छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, जबडा आणि कान या याच्या आवडत्या जागा. छातीवर, खांद्यावर कातडी सतत ताणली जाते हे एक कारण सांगतात. पण पाळीवर तर काही ताण नसतो, तरी तिथे सर्रास होतं, आणि पापणीवर, तळहातावर जवळजवळ होतच नाही. त्यामुळे एकट्या ताणाने कोडं सुटत नाही. बीसीजीची खूण आहे तेवढी राहिलीय, ती सोडून द्या, तिला हात लावू नका.

देवगडकर
कापायचा विचार चाललाय म्हणून लिहितोय, एरवी लिहिलं नसतं. माझ्या लग्नात घरच्यांच्या हौसेने भिकबाळीसाठी उजवा कान वरच्या बाजूला टोचला, तेव्हा सव्वीसचा होतो. सहा-सात महिन्यांनी तिथे सेंटिमीटरभर गाठ. एका हॉस्पिटलात दाखवलं, त्यांनी त्याच आठवड्यात भूल देऊन कापली, टाके घातले, सात दिवसांनी काढले, कान एकदम साफ. नंतर काय करायचं, काय बघायचं, यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. चार-पाच महिन्यांनी टाक्यांच्या रेघेतून परत खाज सुरू झाली आणि वर्षाच्या आत अडीच सेंटिमीटर, म्हणजे होती त्यापेक्षा दुपटीहून मोठी. हेल्मेट घालता येईना, उशीवर त्या कुशीवर झोपता येईना.

मग त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कापायला नकार दिला. गाठीच्या आत स्टेरॉइडची इंजेक्शनं, महिन्या-महिन्याने. पहिली दोन फार दुखली कारण गाठ इतकी घट्ट होती की औषध आत शिरत नव्हतं, डॉक्टरांचा अंगठा पांढरा पडायचा दाबून दाबून. नंतर मऊ पडली, खाज गेली, उंची निम्मी झाली, त्याच्या पुढे जाईना. तेव्हा प्लास्टिक सर्जननी आतला गाभा काढला आणि वरचीच कातडी परत बसवली, म्हणजे ताण देऊन टाके ओढायला लागू नयेत. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला. टाके निघाल्यावर त्या रेघेत परत इंजेक्शनं, आणि कानाला दाबाची क्लिप. माझं वरच्या बाजूला होतं म्हणून बाजारातली क्लिप बसेना, दातांच्या डॉक्टरांनी कानाचं माप घेऊन ॲक्रिलिकची करून दिली. ती रात्रभर आणि घरी असेन तेव्हा दिवसाही. मधे एकदा एका टोकाला परत खाज आणि तांदळाएवढा कडकपणा आला, लगेच दाखवलं, तिथेच इंजेक्शन दिलं, बसला. आता दोन वर्षं होऊन गेली, कान सपाट आहे, कातडी तिथे जरा फिकट झालीय एवढंच.

तेव्हा दहा मिनिटांचं काम आहे हे खरं आहे हो खाडीकाठकर, पण काम त्या दहा मिनिटांनंतर सुरू होतं.

आबोली
देवगडकरांनी सांगितलं त्यात मी थोडंच घालते. नुसतं कापलं आणि पुढे काही केलं नाही तर निम्म्या किंवा त्याहून जास्त कीलॉइड परत येतात, आणि कित्येकदा मोठी होऊन येतात, कारण कापल्यावर जखम भोकापेक्षा मोठी असते. म्हणून सुरंगीताई, कॉलेजच्या आत कापून मोकळं होऊ असा हिशेब धरू नका. दीड सेंटिमीटरच्या ताज्या गाठीला बहुतेक जण आधी इंजेक्शनच देतील. औषधाचं नाव ट्रायमसिनोलोन, एका मिलिलिटरमध्ये 10 ते 40 मिलिग्रॅम या ताकदीत, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. ते गाठीच्या आतच गेलं पाहिजे. बाजूच्या चांगल्या कातडीत किंवा खालच्या चरबीत गेलं तर तिथे खड्डा पडतो, कातडी पातळ आणि पांढरट होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात. देवगडकरांचा फिकटपणा त्यातलाच असावा. गाठ सपाट झाली की थांबायचं, खड्डा पडेपर्यंत देत राहायचं नाही. काही मुलींची मासिक पाळी त्या महिन्यात मागे-पुढे होते, घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर साखर वाढू शकते.

आणि एक, काढलेला तुकडा तपासायला पाठवणं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कानामागची प्रत्येक गाठ कीलॉइड नसते. टोचल्यानंतर कातडीखाली पिशवीसारखी गाठ होऊ शकते, ती बोटाखाली हलते, मधे काळा ठिपका असतो, कधी घाण वासाचं पांढरं निघतं. तिला स्टेरॉइड देऊन उपयोग नाही, ती पिशवीसकट काढावी लागते. आणि क्वचित वरून कीलॉइडसारखी दिसणारी गाठ भलतीच निघते. फार वेगाने वाढली, फुटली, रक्त आलं, किंवा जिथे कधी जखमच नव्हती तिथे आली तर तपासल्याशिवाय सोडायची नाही. कीलॉइड स्वतः कॅन्सर नव्हे.

खाडीकाठचा
मान्य, परत येतं हे मला माहीत नव्हतं. पण मग रेडिएशन देतात ना कापल्यावर? मुंबईत माझ्या मित्राच्या भावाला दिलं, त्याचं परत आलंच नाही. मग इंजेक्शनांची एवढी यातायात कशाला, थेट तेच करावं.

आबोली
देतात, आणि हट्टी, परत परत येणाऱ्या कीलॉइडला त्याचा चांगला उपयोग होतो. पण ते कापल्यावर लगेच, एक-दोन दिवसांतच सुरू करायचं असतं, म्हणजे ऑपरेशन इथे आणि रेडिएशनची तारीख पुढच्या महिन्यात मुंबईला असं जमत नाही, दोन्हीची वेळ आधी एकत्र ठरवावी लागते. आणि 19 वर्षांच्या मुलीला, पहिल्यांदाच आलेल्या दीड सेंटिमीटरला, मी तरी नाही म्हणेन. माझ्या ओळखीचे काही सर्जन तरुणांनाही लवकर देतात, त्यांचं म्हणणं कानाला डोस थोडा असतो आणि वारंवार कापण्यापेक्षा बरं. यावर आमच्यात एकमत नाही.

गुहागर_किनारा
माझं पार्लर आहे, गेली बरीच वर्षं कान टोचते, गनने. इथे वाचून वाटतंय की सगळा दोष आमच्यावर येणार. मी दर वेळी नवीन टॉप, स्पिरिट, हातमोजे, सगळं करते. एवढ्या कानांत मोजक्यांना असं झालं, आणि त्यातली एक तर सोनाराकडे टोचून आलेली. मग गनचा काय संबंध?

आबोली
ताई, कीलॉइडसाठी मी गनला एकट्याला दोषी धरत नाही, सुईनेही होतं, सोनाराकडेही होतं, अगदी पुळीतूनही होतं. पाळीला गन चालून जाते. पण वर कुर्च्यात गन नको असं माझं ठाम मत आहे. बोथट टॉप जोरात घुसतो, कुर्चा चिरडतो, आणि संसर्ग झाला तर मीराताईंसारखं होतं. तुमच्या हातात याहून उपयोगी एक गोष्ट आहे. टोचायच्या आधी विचारा, तुम्हाला किंवा घरात कुणाला जखमेवर गाठ वाढलीय का? हो म्हणाली तर टोचू नका.

गुहागर_किनारा
विचारेन. पण गिऱ्हाईक सांगेल का हा प्रश्नच आहे, लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलेली मुलगी काहीही सांगते. आणि गनबद्दल मला अजून पटलेलं नाही.

सुरंगी
तीन आठवड्यांनी लिहितेय. दाखवून आलो. डॉक्टरांनी गाठ चिमटीत धरून हलवून बघितली, मधे ठिपका आहे का बघितलं, पुढून मागून माप घेतलं, कीलॉइडच म्हणाले. टॉप काढून टाकायला लावला, ते भोक आता विसरायचं. पहिलं इंजेक्शन झालं, बधिर करायचं औषध मिसळून दिलं तरी डोळ्यांत पाणी आलं तिच्या. खाज आठवड्याभरात निम्मी झाली, गाठ मात्र दिसायला तेवढीच आहे. सिलिकॉनची पट्टी सांगितली होती पण या उकाड्यात घामाने ती कानाला टिकतच नाही, खाली घामोळं उठलं.

आबोली
खाज आधी जाते, उंची नंतर उतरते, हे अगदी अपेक्षित आहे. दोन-तीन इंजेक्शनं झाल्याशिवाय मापावरून काही ठरवू नका. पट्टीऐवजी सिलिकॉनचं जेल विचारा डॉक्टरांना, कानाच्या वळणावर तेच बरं बसतं, पातळ थर, वाळू द्यायचा, दिवसातून दोनदा. पट्टीच लावली तर रोज धुवायची आणि घामोळं असेपर्यंत सुट्टी. फोटो दर महिन्याला त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून काढा, रोज आरशात बघून फरक कळत नाही.

सुरंगी
काढते. आता धाकटीचा प्रश्न, ती दहाची. नाक टोचायचं ठरलं होतं यंदा, सासूबाईंची फार इच्छा आहे. त्या म्हणतात मग अकराच्या आत लगेच टोचून घेऊ, डॉक्टरच म्हणालेत ना लहानपणी कमी होतं.

आबोली
कमी होतं म्हणजे होत नाही असं नाही. सख्ख्या बहिणीला आणि आत्येला आहे, मी माझ्या मुलीचं टोचलं नसतं. चापाची नथ मिळते, हलक्या मोत्यांची घ्या, कुणाला कळणारही नाही.

सुरंगी
मी आणि हे तयार आहोत. सासूबाई नाही म्हणतात, नणंदेचा छातीवरचा डाग पुळीचा, त्याचा नाकाशी काय संबंध असं त्यांचं म्हणणं. नणंद स्वतः आईशी बोलणार आहे रविवारी. आणि तिलाही आता छातीचं दाखवायचंय, इतक्या वर्षांचं असलं तर काही होतं का?

देवगडकर
होतं, पण छातीचं कानापेक्षा हट्टी असतं असं मला डॉक्टरांनी सांगितलेलं. खाज आणि ओढ कमी झाली तरी पुष्कळ म्हणायचं. तिला म्हणावं कापायची घाई नको. आणि लेकीला पुढेमागे क्लिप मिळाली तर एक बघा, क्लिप काढल्यावर पाळी पांढरी पडलेली किंवा दुखरी असली तर ती जास्त घट्ट आहे, ढिली करून घ्या, मला पहिल्या क्लिपने वण पडला होता.